जेवण झालं, 'बघू' म्हणाले. आता काय लिहायचं?

प्रश्न: चाकणला एका कंपनीत क्वालिटीत पाच वर्षं काम करतोय, घर मिरजेत. कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटी इंजिनिअरसाठी दोन राउंड झाले. मग प्लांट हेड म्हणाले, "रविवारी गावी येताय ना, मग जेवायलाच भेटू." विश्रामबागला दीड तास बसलो. घरचं, गावचं, कामाचं सगळं बोलणं झालं. मशीनिंगनंतर कास्टिंगच्या आतल्या पोकळ्या, म्हणजे ब्लो होल, उघडे पडतात आणि माल परत येतो, हेही त्यांनी सांगितलं. बायको काय करते ते विचारलं (ती पुण्याच्या कंपनीत आहे, पण घरून काम करते). मध्येच पगाराचं विचारलं, तेव्हा मी गडबडीत "सात" म्हणून बसलो. नोटीस ६० दिवसांची आहे. बिल त्यांनी दिलं, निघताना "बघू, कळवतो आठवड्याभरात" म्हणाले. आता मेसेज करू का? व्हॉट्सअ‍ॅपवर की मेलवर? लाचारी वाटणार नाही ना?

उत्तर: मी आधी साताऱ्यात आणि नंतर कुपवाड-मिरजेकडच्या कारखान्यांत मिळून सत्तावीस वर्षं पर्सोनेलचं काम केलं. तुम्ही ज्या टेबलावर जेवलात तिथे मी क्वचितच असायचे, पण दुसऱ्या दिवशी प्लांट हेड ज्या टेबलाशी येऊन बसतात तिथे मी कायम असायचे. म्हणून तिथून सुरुवात करते.

सोमवारी सकाळची प्रॉडक्शन मीटिंग उरकली की साहेब एचआरकडे येतात आणि म्हणतात, "काल त्या मिरजेच्या मुलाला भेटलो. बरा वाटतोय." एचआरवाली विचारते, "नोटीस किती? खरंच येणार का? आकडा काय म्हणाला?" तिथे साहेब अडखळतात. नोटीस दोन महिने की तीन, ते आठवत नाही. सात म्हणाला, पण त्यात काय काय धरून, ते विचारायचं राहिलं. बायकोचं काहीतरी पुण्याचं होतं. पहिल्या दोन राउंडचे असेसमेंट फॉर्म फाइलला लावलेले असतात, त्यावर सह्या असतात. जेवणाचा फॉर्म कुणी भरत नाही. दीड तासात तुमच्याबद्दल सगळ्यात जास्त जे कळलं, त्याचा कागदच नसतो.

तुमचा मेसेज हा त्या जेवणाचा एकमेव कागद आहे, आणि साहेब तो पुढे पाठवतात. एचआरला पाठवतात, कधी डायरेक्टरना, कधी मशीन शॉपच्या मॅनेजरला. तुम्ही लिहिताना डोळ्यांसमोर एक माणूस असतो, वाचतात मात्र तीन-चार जण. ही एक गोष्ट धरून ठेवलीत तर तुमच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं तिच्यातूनच निघतात. लाचारीचा प्रश्नही निकालात निघतो, कारण तुम्ही काही मागत नाही आहात. साहेबांना तुमची बाजू मांडायची असेल तर त्यासाठी लागणारा मजकूर त्यांच्या हातात देता आहात.

दोन वेगळ्या गोष्टी पाठवायच्या. रविवारी संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर दोन-तीन ओळी, आणि मंगळवारच्या आत एक मेल. भेट ठरवणारा निरोप फोनवरून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून आला असेल तर आभारही तिथूनच. मराठीत बोललात ना, मग मेसेजही मराठीतच लिहा. दीड तास "काय म्हणताय, मिरजेत कुठं?" असं बोलून झाल्यावर अचानक बँकेच्या पत्रासारखी इंग्रजी आली की माणूस बिचकतो. मेल इंग्रजीत असली तर हरकत नाही, ती फाइलला जाणार आहे.

पहिला मेसेज एवढाच:

"नमस्कार सर. आज सुट्टीच्या दिवशी वेळ काढलात, मोकळेपणानं बोललात, छान वाटलं. कास्टिंगच्या दोषांवर आपलं बोलणं अर्धं राहिलं. मी अशा कामाकडे कसं बघतो ते मंगळवारपर्यंत थोडक्यात मेल करतो."

यात जेवणाचं कौतुक नाही, "आपल्यासारख्या अनुभवी व्यक्तीकडून शिकायला मिळालं" नाही, आणि "माझा विचार व्हावा" तर नाहीच. विचार चालू आहे म्हणूनच जेवायला बोलावलं होतं. शेवटच्या वाक्याचा मात्र मोठा उपयोग आहे. पुढच्या मेलसाठी त्यानं जागा तयार होते आणि तुम्ही स्वतःवर एक तारीख घालून घेता. क्वालिटीच्या माणसानं सांगितलेल्या दिवशी सांगितलेली गोष्ट दिली, हा पुरावा मुलाखतीत देता येत नाही. पण मंगळवारी पाठवतो म्हणालात आणि गुरुवारी पाठवलंत, तर तोच पुरावा उलटा लागतो. तेव्हा जमणार नसेल तर वाक्य गाळा.

निळी टिक आली आणि उत्तर नाही, किंवा नुसता अंगठा आला, तर त्यातून अर्थ काढत बसू नका. मी पाहिलेल्या प्लांट हेडपैकी निम्मे तरी उमेदवाराला मुद्दाम अंगठ्यापलीकडे काही पाठवत नसत. लेखी काही दिलं की ते वचन होतं, हे त्यांनाही कळतं.

आता मेल, खरं काम तिथे आहे. ती तीन गोष्टींसाठी लिहायची: तुम्ही कामाकडे कसं बघता, तुम्ही खरंच येणार आणि टिकणार का, आणि तो "सात".

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण आपल्या भागात निर्णय बहुतेक वेळा तिथेच अडतो आणि उमेदवाराला त्याचा पत्ता नसतो. सांगली-साताऱ्याच्या मॅनेजरला पुण्याच्या उमेदवाराची एक ठरलेली भीती असते. हा आमचं ऑफर लेटर घेणार, ते चाकणच्या साहेबांना दाखवणार, तिथे पगार वाढवून घेणार आणि जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद. किंवा येणार, आई-वडिलांसोबत आठ महिने राहणार आणि बायकोला करमत नाही म्हणून परत जाणार. साताऱ्यात हे जरा वेगळं दिसतं. पुणं तिथून सव्वाशे किलोमीटरच्या आत, त्यामुळे माणूस जॉइन होतो पण बिऱ्हाड पुण्यातच ठेवतो. शनिवारी दुपारपासून त्याचं लक्ष घड्याळाकडे आणि सोमवारी सकाळी तो खंबाटकी घाटात अडकलेला. सांगलीहून पुणं सव्वादोनशेच्या पुढे, तिथे रोजचं काय, आठवड्याचं येणं-जाणंही फार दिवस रेटत नाही. माणूस एकतर मुक्काम हलवतो नाही तर नोकरी सोडतो.

म्हणून साहेबांनी "मिसेस काय करतात?" विचारलं. तो चौकसपणा नव्हता. खरं तर असा प्रश्न उमेदवाराला विचारू नये असं माझं मत आहे, आणि मी माझ्या मॅनेजरांना तसं सांगायचेही. पण जेवणाच्या टेबलावर तो येतोच, आणि आता तो विचारून झाला आहे. तुम्ही उत्तर दिलंत, पण साहेबांच्या डोक्यात बहुधा "बायको पुण्याच्या कंपनीत" एवढंच राहिलं असेल. "घरून काम करते" हा अर्धा भाग गळून पडतो, कारण भीती असते ती पहिल्या अर्ध्याची. तो भाग लेखी जायला हवा, एका साध्या ओळीत. "मी दीर्घकाळ राहायला उत्सुक आहे" असं लिहून उपयोग नाही, ते सगळेच लिहितात. राहायचं घर कुठे, कुटुंब कधी हलणार, नोटीस किती, एवढ्या तीन वस्तुस्थिती द्या. घरच्यांशी अजून ठरलं नसेल तर ठरलंय असं लिहू नका. "ठरवतोय" लिहिलेलं खोट्यापेक्षा बरं. आणि तुमच्या बायकोला तिच्या कंपनीनं घरून काम करू दिलंय ते कायमचं आहे की सध्यापुरतं, हे आधी तिलाच नीट विचारून घ्या. हा प्रश्न उद्या एचआर विचारणार आहे.

आता ब्लो होल. साहेबांनी त्यांची अडचण सांगितली, तेव्हा उपाय लिहून पाठवायचा मोह होतो. पाठवू नका. त्यांच्या फाउंड्रीत तुम्ही अजून पाऊल ठेवलेलं नाही. तिथली वाळू, कोअर, मेटल, पॅटर्न, काहीच पाहिलेलं नाही. तुम्ही "वाळूतला ओलावा तपासा" असं लिहिलंत आणि साहेबांनी ते फाउंड्री मॅनेजरला पाठवलं, तर वीस वर्षं मोल्डिंग बघणारा तो माणूस काय म्हणेल ते मी इथे लिहीत नाही. उद्या तुम्हाला त्याच्याच सोबत काम करायचं आहे. त्यापेक्षा तुम्ही शोध कसा घेता ते लिहा. त्यात कुणाचा अपमान होत नाही, आणि वाचणाऱ्याला कळतं की हा माणूस कारण आधी ठरवून पुरावा मागाहून शोधणारा नाही.

तुमच्या जागी मी असते तर मेल साधारण अशी लिहिली असती. कामाचा भाग मी क्वालिटीच्या लोकांबरोबर बसून बसून जो शिकले त्यावरून भरला आहे. तुम्ही खरंच जसं काम केलं असेल तसं लिहा.

"सर, नमस्कार.

रविवारी बोलल्याप्रमाणे थोडक्यात लिहितो.

मशीनिंगनंतर उघडे पडणारे ब्लो होल आले की मी आधी त्यांची जागा नोंदवतो, कारण नंतर. पार्टच्या ड्रॉइंगची प्रत मशीन शॉपमध्ये लावून, सापडलेलं प्रत्येक होल त्यावर जिथल्या तिथे खूण करून ठेवतो. शेजारी हीट नंबर, शिफ्ट आणि कॅव्हिटी नंबर. आठवड्याभरात खुणा एका जागी दाटतात की विखुरतात ते दिसतं. कोअरलगत दाटल्या तर कोअरचा गॅस आणि व्हेंट आधी बघतो. वरच्या पेटीच्या बाजूला पसरल्या तर वाळूतला ओलावा आणि परमिएबिलिटीच्या नोंदी त्या त्या शिफ्टशी ताडून बघतो. हे आपल्याकडे आधीपासून होत असेल तर त्या नोंदी बघायला मला आवडेल.

माझी नोटीस ६० दिवसांची आहे. मिरजेत आमचं स्वतःचं घर आहे, आई-वडील तिथेच असतात. पत्नीची नोकरी पुण्याच्या कंपनीत असली तरी ती घरून काम करते, त्यामुळे आम्ही दोघंही मिरजेत राहायला येणार आहोत.

पगाराबद्दल बोलताना मी सात लाख म्हणालो, तो वार्षिक निश्चित पगार धरून. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटी धरलेली नाही. ब्रेकअपवर एचआरशी सविस्तर बोलता येईल.

आणखी काही कागदपत्रं हवी असतील तर कळवा."

साधारण दीडशे शब्द. मोबाइलवर दोनदा बोट फिरवलं की संपली पाहिजे. यापेक्षा लांब मेल साहेब "नंतर वाचू" म्हणून ठेवतात, आणि ते नंतर येत नाही.

पगाराच्या परिच्छेदावर थांबते, कारण तिथे तुम्हाला प्रामाणिक राहावं लागेल. "सात" म्हणताना तुमच्या मनात नक्की काय होतं? निश्चित पगार होता, पण बोलायचं राहिलं, तर वरची ओळ लिहा. हा खुलासा आहे आणि तो लवकर केलेला बरा. फरक किती पडतो ते बघा. सात लाखांत बेसिक साडेतीन लाख धरा. कंपनीनं पूर्ण बेसिकवर १२ टक्के पीएफ भरला तर वर्षाचे ४२,००० होतात. ग्रॅच्युइटीची तरतूद कंपन्या सहसा बेसिकच्या ४.८१ टक्के दाखवतात, ती १६,८३५. दोन्ही मिळून ५८,८३५, म्हणजे महिन्याला पाच हजारांना थोडे कमी. हे सात लाखांच्या आतले की वरचे, एवढाच प्रश्न आहे, आणि तो ऑफर लेटर आल्यावर काढलात तर "शब्द फिरवला" असं होतं. (पीएफ काही कंपन्या पूर्ण बेसिकवर न भरता १५,००० च्या वेतनमर्यादेवर भरतात, मग महिन्याला १,८०० च धरले जातात. त्यांच्याकडे काय पद्धत आहे ते एचआरला विचारा, साहेबांना नको. त्यांना बहुधा माहीत नसतं.)

पण तुमच्या मनात सीटीसीच होती, आणि घरी आल्यावर मित्र म्हणाला "साडेसात तरी म्हणायचं होतंस" म्हणून पश्चात्ताप होतोय, तर हा परिच्छेद पूर्ण गाळा. आकड्याचं नावही काढू नका. पश्चात्तापातून लिहिलेला आकडा वाचणाऱ्याला लगेच कळतो. ब्रेकअप हातात येईल तेव्हा त्यातल्या एखाद्या ठोस गोष्टीवर बोला. चाकणला कंपनीची बस आणि जेवण मिळत असेल आणि इथे नसेल, तर तो फरक मांडण्यासारखा आहे. आपण कमी मागितलं, हे मांडण्यासारखं कारण नाही.

मेल तुमच्या खासगी पत्त्यावरून जाऊ द्या. हे सांगावं लागू नये, पण ऑफिसच्या मेलवरून अर्ज करणारे मी पाहिले आहेत. आणि सध्याच्या कंपनीतला रिपोर्ट, फोटो, ड्रॉइंग, नाव खोडलेलं असलं तरी, जोडू नका. "मी हे काम केलंय" याचा तो पुरावा वाटतो, पण वाचणाऱ्याच्या मनात येतं की हा उद्या आमचंही असंच कुणाला पाठवेल.

यावरून मेलमध्ये काय *नको* याकडे येते, आणि ते एका प्रसंगातून सांगते. मी एका कारखान्यात असताना आमच्या मॅनेजरनं एका उमेदवाराला असंच बाहेर चहाला नेलं. गप्पांच्या ओघात त्यानं सांगितलं की अमुक ग्राहकाचा माल इतके टक्के परत येतोय, आणि आधीच्या क्वालिटी हेडचं मालकांशी पटलं नाही म्हणून तो गेला. उमेदवार हुशार होता. रात्री लांबलचक मेल लिहिली. ग्राहकाचं नाव, टक्केवारी, आणि "आधीच्या हेडच्या काळात राहिलेल्या त्रुटी मी दूर करू शकेन." मॅनेजरला मेल आवडली. पहिला परिच्छेद वाचला आणि तशीच्या तशी डायरेक्टरना पाठवली, खालची ओळ न बघता. डायरेक्टरनी उमेदवाराबद्दल काहीच विचारलं नाही. एवढंच विचारलं, "आपल्या ग्राहकाचा आकडा बाहेरच्या माणसाकडे कसा गेला?" मॅनेजरची चूक होतीच. पण तो प्रस्ताव मग त्यानं पुन्हा कधी टेबलावर आणला नाही, कोण आणेल? उमेदवाराला अजूनही वाटत असेल की आपण काहीतरी कमी लिहिलं.

जेवताना माणूस सैल बोलतो, म्हणून तर जेवायला भेटतात. त्या सैलपणात कानावर आलेलं टेबलावरच ठेवायचं. ग्राहकाचं नाव, रिजेक्शनचा आकडा, कोण सोडून गेलं, कुणाचं कुणाशी पटत नाही, पुढच्या वर्षी काय मशीन येणार, यातलं काहीही लिखाणात येता कामा नये. ब्लो होल चालतात, ते प्रत्येक फाउंड्रीत असतात. म्हणूनच वरच्या मेलच्या मजकुरात तुम्हाला "माल परत येतो" हे शब्द दिसणार नाहीत. शंका आली तर मेल पाठवण्याआधी एकदा मालकाच्या नजरेनं वाचून बघा.

आणखी एक गोष्ट, ती खास आपल्याकडची. जेवताना "मिरजेत कुठं? कोणाचे तुम्ही?" झालंच असेल, आणि दोन-तीन नावांत ओळख निघाली असेल. त्यांचा मेहुणा आणि तुमचे मामा एकाच शाळेत शिक्षक, असं काहीतरी. घरी हे सांगितलंत की मामा म्हणणार, "अरे मग मी एक फोन टाकतो की." त्यांना हात जोडून थांबवा. दोन राउंड तुम्ही स्वतःच्या जोरावर पार केलेत. तो एक फोन गेला की तुमची निवड वशिल्याची होते. साहेबांनी तुम्हाला घेतलं तर त्यांना एचआरपुढे खुलासा करावा लागतो, आणि नाही घेतलं तर मेहुण्यापुढे. दोन्हीकडून त्रास असला की माणूस तिसरा उमेदवार शोधतो. भेटवस्तूचंही तेच. आमच्याकडे तासगावच्या एका मुलाच्या वडिलांनी घरचे बेदाणे, चांगले पाच किलोचा बॉक्स, मॅनेजरच्या घरी पोचते केले होते. मनात काही काळंबेरं नव्हतं, बागाच त्यांच्या. मॅनेजरनं तो बॉक्स दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि म्हणाला, "आता याचं काय करायचं ते तुम्हीच सांगा." बेदाणे परत गेले, आणि त्या मुलाची फाइल दोन महिने कुणी उघडली नाही. बिल त्यांनी दिलं, संपलं. "पुढच्या वेळी माझ्याकडून" हेही लिहू नका.

मेल गेली की वाट बघणं आलं. "बघू" हा आपल्याकडचा मोठा अवघड शब्द आहे. तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही, त्यामुळे नकारालाही बघूच आणि होकार मंजुरीला अडकला असेल तरी बघूच. तो शब्द सोडून द्या आणि "आठवड्याभरात" धरा. पुढचा रविवार गेल्यावर आणखी दोन कामाचे दिवस थांबा. एमआयडीसीत सगळीकडे साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, त्यांची कुठल्या वारी आहे ते बघून दिवस मोजा. आणि कॅलेंडरही बघा. महिन्याच्या शेवटच्या चार-पाच दिवसांत प्लांट हेडला डिस्पॅचशिवाय दुसरं काही दिसत नाही. २७ तारखेला पाठवलेली आठवण आणि ३ तारखेला पाठवलेली आठवण यांत माझ्या अनुभवात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

आठवण पहिल्यांदा साहेबांना, एकदाच, त्याच व्हॉट्सअ‍ॅपवर: "नमस्कार सर. मागच्या मंगळवारी मेल पाठवली होती, मिळाली असेलच. पुढच्या प्रक्रियेबद्दल एचआरशी बोलू का?" हा प्रश्न मुद्दाम असा ठेवला आहे. साहेबांचा निर्णय झाला नसेल तर त्यांना "हो, त्यांच्याशी बोला" म्हणून सुटता येतं. निर्णय झाला असेल तर ते स्वतः एचआरला सांगतात. "काही निर्णय झाला का?" असं विचारलंत तर फक्त हो किंवा नाही उरतं, आणि ज्याला दोन्ही म्हणायचं नाही तो गप्प बसतो. त्यानंतर आठवड्यानं एचआरला एक फोन, दुपारी तीन-चारच्या सुमारास. सकाळी तिथे हजेरीची आणि कॉन्ट्रॅक्टरच्या माणसांची गर्दी असते. इतकं करूनही उत्तर नसेल तर ती दारं बंद समजा आणि बाकीचे अर्ज चालू ठेवा. ते तर आजही बंद करू नका.

गाडी पुढे सरकतेय हे शब्दांपेक्षा मागण्यांवरून कळतं. एचआरनं शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा मागितल्या, नोटीस विकत घेता येते का विचारलं, आधीच्या साहेबांचा नंबर मागितला, की समजा तुमच्या नावाचा हिशेब मांडायला घेतलाय. रेफरन्स देताना सध्याच्या कंपनीतल्या साहेबांचा नंबर ऑफर हातात येईपर्यंत देऊ नका. आधीच्या नोकरीतला किंवा कंपनी सोडून गेलेला वरिष्ठ द्या, आणि त्यांना आधी फोन करून सांगा. साहेबांनी नुसतं "तुमचा स्वभाव आवडला बरं का" म्हटलं आणि पाठोपाठ कुठलाच कागद मागितला गेला नाही, तर तो फक्त स्वभावच आवडला.

शेवटचं, आणि इथे मी जरा आवाज चढवून बोलणार आहे. कदाचित बुधवारी साहेबांचा फोन येईल: "तुमचं झालंच समजा, तिकडे राजीनामा टाका." माणूस खरा असतो, मनापासून बोलत असतो. तरी राजीनामा टाकू नका. मंजुरी त्यांच्या हातात असते असं नाही. मी असतानाच एका मुलानं अशा फोनवर साताऱ्याची नोकरी सोडली, आणि त्याच आठवड्यात वरून भरती थांबवण्याचा आदेश आला. साहेब महिनाभर त्याचा फोन उचलत नव्हते, लाजेनं. फोन आला की आनंद व्यक्त करा आणि त्याच दिवशी लिहा: "सर, आज फोनवर बोलल्याप्रमाणे निवडीबद्दल कळलं, खूप आनंद झाला. ऑफर लेटर मिळालं की त्याच दिवशी राजीनामा देतो, म्हणजे ६० दिवस तिथून मोजता येतील." यात अविश्वास कुठेच दिसत नाही, पण ऑफर लेटर कुणाच्या टेबलावर अडकलंय ते बघायला साहेब स्वतः उठतात. आणि पत्र आलं की त्यात पद, सात लाखांचा ब्रेकअप, जॉइनिंगची तारीख आणि कामाचं ठिकाण या चार जागा वाचल्याशिवाय चाकणच्या साहेबांच्या केबिनमध्ये जाऊ नका. कामाचं ठिकाण विशेष बघा. कंपनीचा दुसरा प्लांट लांब कुठे असेल आणि पत्रात "कुठल्याही ठिकाणी बदली" असं असेल, तर मिरजेच्या घराचा सगळा हिशेब तुम्हाला पुन्हा एचआरशी बोलावा लागेल.